स्लाईडमधला नकाशा बाहेर काढा, अक्षरं बदला, पण पिक्सेल हलू देऊ नका

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त वाक्यं वाचायला बरी पडतील इतपत सरळ केलीत.)

आजचा विषय एरंडोलच्या एका श्रोत्याने पाठवलाय. तो भूगोल शिकतो. त्याच्याकडे विभागाची एक जुनी पीपीटी आलीय, २००९ सालची, आणि तिच्यात खानदेशचा एक हाताने बनवलेला सुंदर नकाशा आहे. धुळे, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव असा सगळा रस्ता, बाजूला अंजनी नदीची बारीक निळी रेघ, पद्मालयाचं ठिकाण, सगळं त्यात आहे. अडचण एवढीच, की एरंडोलवरून जाणाऱ्या महामार्गावर नकाशात ‘६’ लिहिलंय.

२००९ मध्ये ते बरोबर होतं. सुरतकडून धुळे, जळगाव, नागपूर करत कोलकात्याला जाणारा तो राष्ट्रीय महामार्ग ६ होता. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि एरंडोलवरून जाणारा हा रस्ता ५३ झाला. गंमत म्हणजे ६ हा क्रमांक रिकामा राहिला नाही. तो आता ईशान्येत, मेघालयातून मिझोरामकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. म्हणजे आज हा नकाशा पाहून कुणी फोनमध्ये ‘एनएच ६’ शोधलं, तर तो थेट शिलाँगला पोचेल. घरी तुम्ही-आम्ही अजून ‘सहा नंबरचा हायवे’च म्हणतो, ते चालतं. छापलेल्या नकाशावर नाही चालत.

श्रोत्याचा निरोप असा होता: ‘दादा, नकाशा ज्यांनी बनवला ते सर निवृत्त झाले, मूळ फाईल कुणाकडेच नाही. पीपीटीतला फोटो हीच एकमेव प्रत. यावर नंबर बदलायचाय आणि मग ए-थ्री साईजमध्ये प्रिंट काढून प्रदर्शनात लावायचाय. फोनवरच करायचंय.’

एकमेव प्रत, हे ऐकून मी हा अख्खा भाग या एका कामाला द्यायचं ठरवलं. कारण असं काम करताना बहुतेक जण स्क्रीनशॉट घेतात, आणि तिथेच नकाशाचा निम्म्याहून जास्त जीव जातो.

किती जातो ते मोजून बघू. समजा फाईलच्या आत नकाशा २००० बाय १५०० पिक्सेलचा आहे. म्हणजे एकूण तीस लाख ठिपके. आता साधा फोन आडवा धरला, त्याची स्क्रीन १६०० बाय ७२० ची. जुन्या पीपीटीची स्लाईड चारास तीन आकाराची, त्यामुळे ती उंचीत पूर्ण बसते आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. स्क्रीनवर नकाशा येतो फक्त ९६० बाय ७२०. तेवढाच स्क्रीनशॉटमध्ये येतो. गुणाकार करा, सात लाखांच्याही आत. तीस लाखांतले तेवीस-चोवीस लाख ठिपके गेले. नंतर तो फोटो ताणून पुन्हा २००० केला तरी गेलेले ठिपके परत येत नाहीत, असलेलेच पसरतात. अंजनीची ती बारीक रेघ आधी पुसट होते, मग तुटक दिसते. ए-थ्री कागदावर हा नकाशा साधारण साडेपंधरा इंच रुंद छापला जाईल. मूळ फोटो असेल तर इंचाला १२८ ठिपके मिळतात, हात-दोन हातांवरून वाचायला ते पुरतात. स्क्रीनशॉट असेल तर इंचाला ६१. गावांची नावं फाटलेली दिसणार.

मग फोटो काढायचा कुठून? तर फाईल उघडून, म्हणजे शब्दशः उघडून. `.pptx` ही फाईल आतून एक झिप असते. गोणीत सामान भरावं तसं तिच्यात सगळं वेगवेगळं ठेवलेलं असतं: स्लाईडचा मजकूर वेगळा, फोटो वेगळे. पीपीटीची एक कॉपी करा, मूळ फाईलला हात लावू नका. कॉपीचं नाव बदलून शेवटी `.pptx` ऐवजी `.zip` करा. फोन विचारेल, एक्स्टेन्शन बदलायचं का, हो म्हणा. आता ZArchiver सारख्या अ‍ॅपमध्ये ती उघडली की आत `ppt` नावाचं फोल्डर, त्यात `media`, आणि त्यात `image1.png`, `image2.jpeg` असे सगळे फोटो, ज्या पिक्सेलमध्ये ते फाईलमध्ये ठेवलेत त्याच पिक्सेलमध्ये.

इथे एक अट आहे. फाईलचं नाव `.ppt` असं, म्हणजे शेवटी x नसलेलं असेल, तर ती जुन्या जातीची आहे आणि झिप म्हणून उघडणार नाही. २००९ च्या फाईलमध्ये ही शक्यता दाट. अशा वेळी कॉम्प्युटरवर पॉवरपॉईंटमध्ये ती उघडून `.pptx` म्हणून सेव्ह करून घ्यावी लागते, आणि सेव्ह करण्याआधी फोटो दाबण्याची सेटिंग बंद करायची. ती सेटिंग कुठे असते ते शेवटी सांगतो. आपल्या श्रोत्याची फाईल नशिबाने `.pptx` निघाली.

`media` फोल्डरमध्ये पंधरा-वीस फोटो असतील तर उघडून बघा, नकाशा ओळखू येतोच. पण एकसारखे दोन दिसले तर स्लाईड क्रमांकावरून शोधता येतं. नकाशा सहाव्या स्लाईडवर असेल तर बहुधा `ppt/slides/_rels/slide6.xml.rels` ही छोटी फाईल टेक्स्ट म्हणून उघडा, तिच्यात फोटोचं नाव लिहिलेलं असतं. बहुधा म्हणालो, कारण स्लाईड पुढे-मागे हलवलेल्या असतील तर आतला क्रमांक आणि दिसणारा क्रमांक जुळेलच असं नाही.

आपल्याला सापडलं `image3.png`. ते बाहेर काढा आणि लगेच तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: नाव, प्रकार, पिक्सेल. `image3.png`, पीएनजी, २००० बाय १५००. परत ठेवताना याच तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

का जुळल्या पाहिजेत, ते समजलं की बाकीचं आपोआप कळतं. स्लाईडच्या फाईलमध्ये फोटो नसतो, फोटोची चौकट असते. ती अशी दिसते:

```
<a:ext cx="9144000" cy="6858000"/>
```

हे आकडे पिक्सेल नाहीत. हे पॉवरपॉईंटचं स्वतःचं माप आहे, त्यात एक इंच म्हणजे ९१४४००. भागाकार केला की चौकट दहा इंच बाय साडेसात इंच निघते. पॉवरपॉईंट काय करतं, तर `image3.png` या नावाने जे काही सापडेल ते या चौकटीत ताणून बसवतं. २००० पिक्सेल दहा इंचांत, म्हणजे इंचाला २००. तुम्ही त्याच नावाने ९६० पिक्सेलचा फोटो ठेवलात तरी चौकट तेवढीच राहील, स्लाईड अगदी आधीसारखी दिसेल, कुठलाही इशारा येणार नाही. फक्त इंचाला ९६ ठिपके उरतील. म्हणून ‘स्लाईडवर बरोबर बसला’ हा रिझोल्यूशन टिकल्याचा पुरावा नाही. बाहेर काढून पिक्सेल मोजणं हाच पुरावा.

लांबी-रुंदीचं प्रमाण बदललं तर मात्र लगेच कळतं. एडिटिंग अ‍ॅपने कडेचा थोडा भाग कापून २००० बाय १४०० केला, तर तो चौकटीत उभा ताणला जातो आणि नकाशावर गावांसाठी काढलेले गोल अंड्यासारखे दिसतात. फोटो स्लाईडमध्ये क्रॉप केलेला असेल तर भानगड वाढते, कारण क्रॉपसुद्धा टक्क्यांत लिहिलेला असतो: डावीकडून दहा टक्के, वरून पाच टक्के असं. फोटोचा आकार तोच राहिला तर क्रॉप बरोबर जागेवर येतो, नाहीतर सरकतो. आणि हो, `media` मधला फोटो बऱ्याचदा स्लाईडवर दिसतो त्यापेक्षा मोठा असतो, कापलेला भागही त्यात शाबूत असतो. पॉवरपॉईंटमध्ये राईट क्लिक करून ‘Save as Picture’ केलं तर फोटो क्रॉप आणि इफेक्टसकट निघू शकतो, म्हणून मी झिपचाच रस्ता सांगतो.

आता अक्षरं. फोनवरच करायचं असेल तर मी ब्राउझरमध्ये photopea.com उघडतो, कॉम्प्युटर असेल तर GIMP. दोन्ही फुकट. फोनमधल्या साध्या ‘फोटोवर नाव लिहा’ प्रकारच्या अ‍ॅप्सपासून मात्र लांब राहा, त्यातली बरीच सेव्ह करताना न विचारता फोटो लहान करतात.

आपल्या नकाशात ‘६’ तीन ठिकाणी आहे. पारोळ्याजवळ आणि जळगावजवळ महामार्गाची ढाल काढलीय, तिच्या आत ६. आणि खाली सूचीत ‘राष्ट्रीय महामार्ग ६’ असं लिहिलंय. कामाचा नियम एकच: जेवढं चुकीचं आहे तेवढंच पुसायचं. सूचीतली अख्खी ओळ पुसून नव्याने लिहायची गरज नाही, फक्त शेवटचा अंक. ‘राष्ट्रीय महामार्ग’ ही सरांची अक्षरं तशीच राहू द्या. नवी ओळ लिहिली की फॉन्ट जुळवत बसावं लागतं. शिवाय काही अ‍ॅप्समध्ये देवनागरी नीट जुळत नाही, ‘राष्ट्रीय’ मधला ष्ट्र तुटून पाय मोडल्यासारखा दिसतो. अंकाला ही भानगडच नाही.

ढालीच्या आतली जागा एकरंगी पांढरी आहे. ते सोपं. आयड्रॉपरने ढालीतलाच पांढरा उचला, कारण नकाशातला पांढरा बहुतेक वेळा शुद्ध पांढरा नसतो, किंचित पिवळट किंवा राखाडी असतो. त्या रंगाने ६ वर ब्रश फिरवा. अंकाच्या कडेला फिकट करड्या ठिपक्यांची एक झालर असते, तीही झाकली गेली पाहिजे. ती राहिली तर नव्या अंकामागे जुन्याचं भूत दिसतं. फोनच्या स्क्रीनवर ते लक्षात येत नाही, कागदावर येतं.

सूची मात्र हलक्या पिवळ्या, थोड्या खरखरीत पार्श्वभूमीवर आहे. तिथे सपाट रंग फिरवला तर ठिगळ दिसेल. तिथे Clone Stamp वापरायचं: शेजारची रिकामी जागा उचलून अंकावर उमटवायची. ब्रश लहान ठेवा, आणि एकाच जागेवरून परत परत उचलू नका, नाहीतर तोच डाग तीनदा उमटलेला दिसतो.

मग नवा अंक. जुना ६ पुसण्याआधी त्याची उंची मोजून ठेवायची. आपल्याकडे ती ३० पिक्सेल होती, म्हणजे स्लाईडवर साधारण पावणेचार मिलीमीटर. ‘५३’ दोन अंकी, त्यामुळे त्याच उंचीवर तो ३८ पिक्सेल रुंद होतो. ढालीच्या आतली जागा ४४ पिक्सेल. बसतो, पण दोन्ही बाजूंना तीन-तीनच पिक्सेल उरतात आणि घुसमटल्यासारखा दिसतो. उंची २८ केली की बरा वाटतो. ढाल मोठी करण्याच्या फंदात पडू नका, मग तिच्याखालचा रस्ता आणि शेजारचं नावही दुरुस्त करावं लागेल.

फॉन्टसाठी जवळच्या गावांच्या नावांकडे बघा. शिरोरेषेची जाडी बघा, अक्षरांचे शेंडे गोल की चौकोनी ते बघा. मग मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, मंगल असे दोन-चार लावून बघा. अगदी तोच फॉन्ट सापडेल असं नाही, पण दोनच अंकांसाठी जाडी जुळली तरी काम होतं. रंग पुन्हा आयड्रॉपरने, पण अक्षराच्या मधोमध टोक ठेवून. कडेला ठेवलंत तर झालरीतला फिकट करडा उचलला जाईल आणि नवा अंक बाजूच्या नावांपेक्षा उतरलेला दिसेल. अक्षरांची कड गुळगुळीत करणारी सेटिंग चालू ठेवा, कारण सरांची अक्षरंही तशीच आहेत.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, पॉवरपॉईंटमध्येच वर पांढरा चौकोन आणि टेक्स्ट बॉक्स टाकला की झालं. फक्त वर्गात दाखवायचं असेल तर खरंच झालं, मीही तेच करेन. पण उद्या कुणी तो नकाशा स्लाईडमधून उचलला, तर चौकोन मागे राहतो आणि ६ परत वर येतो. इथे प्रिंट काढायची होती आणि प्रत एकच होती, म्हणून फोटोतच बदल हवा. एक मात्र करा, सूचीखाली बारीक अक्षरात ‘महामार्ग क्रमांक सुधारित’ असं लिहा. दुसऱ्याच्या नकाशात हात घातलाय, तर तो घातल्याचं दिसायला हवं.

सेव्ह करताना पीएनजीचं पीएनजीच. नकाशाची पार्श्वभूमी पारदर्शक असेल आणि तुम्ही तो जेपीईजी केलात, तर स्लाईडवर नकाशामागे पांढरा चौकोन येतो. शिवाय जेपीईजीत बारीक रेघा आणि अक्षरांभोवती धुरकट डाग पडतात. मूळ फोटोच जेपीईजी असेल तर नाइलाज आहे, मग क्वालिटी ९० च्या वर ठेवा आणि एकदाच सेव्ह करा. दर वेळी उघडून पुन्हा सेव्ह केलं की थोडं थोडं झिजतं. एक्स्पोर्टच्या खिडकीत लांबी-रुंदी दिसते, तिथे २००० आणि १५०० आहे ना, ते बघूनच बटण दाबा.

परत ठेवायचे दोन मार्ग आहेत. कॉम्प्युटरवर पॉवरपॉईंट असेल तर नकाशावर राईट क्लिक, ‘Change Picture’, आणि नवी फाईल निवडा. जागा आणि आकार तोच राहतो. फक्त तोच नकाशा पुढे अकराव्या स्लाईडवरही असेल, तर तिथे जुनाच राहतो.

दुसरा मार्ग झिपचा. ZArchiver मध्ये ती झिप उघडा, `ppt/media` मध्ये जा, नवा `image3.png` तिथे टाका, जुन्याच्या जागी ठेवायचा का विचारलं तर हो. मग नाव पुन्हा `.pptx`. या मार्गाने जिथे जिथे `image3.png` वापरलाय तिथे सगळीकडे नकाशा बदलतो, आपल्याला तेच हवं होतं. फोनवर Termux वापरणारी मंडळी नाव न बदलताही हे करू शकतात. पीपीटी ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जाऊन:

```
unzip khandesh.pptx ppt/media/image3.png
# इथे फोटो एडिट करून त्याच जागी, त्याच नावाने ठेवा
zip khandesh.pptx ppt/media/image3.png
```

शेवटची ओळ झिपमधला तेवढा एकच फोटो बदलते, बाकी काही हलवत नाही.

जे सर्वात जास्त बिघडतं ते असं. लोक अख्खी झिप बाहेर काढतात, फोटो बदलतात, आणि बाहेरच्या फोल्डरवर बोट ठेवून परत झिप करतात. मग झिपच्या आत आधी एक फोल्डर आणि त्याच्या आत सगळं सामान, अशी रचना होते. `[Content_Types].xml` ही फाईल झिप उघडल्यावर पहिल्याच पायरीवर दिसली पाहिजे. ती एक पायरी आत गेली की पॉवरपॉईंट म्हणतं, फाईल बिघडलीय, दुरुस्त करू का. दुरुस्तीला ‘हो’ म्हणू नका. बंद करा आणि कॉपीपासून पुन्हा सुरू करा.

अजून एक फसवी गोष्ट. कधीकधी `media` मध्ये एकाच चित्राच्या दोन फाईली असतात, एक `.png` आणि एक `.svg`. नवं पॉवरपॉईंट तेव्हा एसव्हीजी दाखवतं, पीएनजी फक्त जुन्या आवृत्त्यांसाठी असतं. तुम्ही पीएनजी कितीही बदला, स्क्रीनवर ६ तसाच. तसं असेल तर बदल एसव्हीजीत करायचा, आणि पीएनजीतही. फाईल मॅनेजरमध्ये पीपीटीचं छोटं चित्र जुनंच दिसलं तर मात्र घाबरू नका, ते वेगळं साठवलेलं असतं.

आता तपासणी. नव्या पीपीटीची कॉपी करून, पुन्हा झिप करून `image3.png` बाहेर काढा आणि पिक्सेल बघा. २००० बाय १५०० आले? मग Photopea मध्ये जुना नकाशा खाली, नवा वर ठेवा आणि वरच्या लेयरचा प्रकार Difference करा. जिथे दोन्ही सारखे तिथे काळं दिसतं. अख्खी स्क्रीन काळी आणि फक्त दोन ढाली, सूचीतला अंक आणि खालची सुधारणेची ओळ चमकतेय, असं दिसलं की समजा अंजनीची रेघ जशीच्या तशी आहे. सगळीकडे धूसर कडा दिसल्या तर नकाशा कुठेतरी लहान-मोठा झालाय किंवा एखादा पिक्सेल सरकलाय, परत मागे जा. हे जेपीईजीत इतकं स्वच्छ दिसत नाही, तिथे थोडी भुरभुर येणारच.

आणि राहिलेली ती सेटिंग. कॉम्प्युटरवरचं पॉवरपॉईंट सेव्ह करताना स्वतःच फोटो दाबू शकतं. File, Options, Advanced मध्ये ‘Image Size and Quality’ आहे, तिथे ‘Do not compress images in file’ वर टिक करा. ही टिक त्या एका फाईलपुरती असते, म्हणून फाईल उघडल्यावर पहिलं काम ते. नकाशा प्रिंटवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर तो वाटेतच दाबला जातो, आणि दुकानात जे छापलं जाईल ते इथे केलेल्या सगळ्या मेहनतीच्या आधीचं असल्यासारखं दिसेल.